संकल्पना नकाशातला बाण मराठीत कसा लिहावा? तीन पद्धतींची तुलना

संकल्पना नकाशाची मूळ अट सोपी आहे. दोन चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या बाणावरचे शब्द एकत्र वाचले की एक पूर्ण वाक्य झाले पाहिजे, आणि ते खरे असले पाहिजे. जोसेफ नोवॅक यांच्या गटाने 1972 च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठात मुलांची विज्ञानाची समज कशी बदलते हे टिपण्यासाठी हे तंत्र घडवले. बाणावरच्या शब्दांना तेव्हापासूनच महत्त्व होते. नुसत्या रेघा मारल्या की तो दुसराच प्रकार होतो, ज्याला आपण माइंड मॅप म्हणतो.

अडचण मराठीत येते. इंग्रजीत क्रियापद कर्ता आणि कर्म यांच्या मध्ये बसते, म्हणून चौकट-बाण-चौकट हा साचा वाक्याच्या क्रमाशी आपोआप जुळतो. मराठीत क्रियापद शेवटी जाते आणि नात्याचा भार विभक्तीच्या प्रत्ययांवर असतो. मग बाणावर नेमके काय लिहायचे? वर्गात या प्रश्नाची तीन उत्तरे वापरून पाहिली आहेत. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन या घटकावर तिन्ही शेजारी ठेवून दाखवतो, कारण खोट्या जोडण्या लपायला या घटकात जागा भरपूर असते.

चौकटी बारा: सूर्यप्रकाश, हरितद्रव्य, हरितलवक, पाणी, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, ग्लुकोज, प्रकाशसंश्लेषण, श्वसन, पेशीद्रव्य, तंतुकणिका, एटीपी. नकाशाचा प्रश्न असा: सूर्यप्रकाशातली ऊर्जा पेशीच्या कामापर्यंत कशी पोहोचते?

| पद्धत | बाणावर काय लिहायचे | वाचताना |
|---|---|---|
| मधले क्रियापद | तंतुकणिका → तयार करते → एटीपी | तंतुकणिका तयार करते एटीपी |
| प्रत्यय आणि क्रियापद | तंतुकणिका → -त … तयार होते → एटीपी | तंतुकणिकेत एटीपी तयार होते |
| क्रमांक आणि वाक्य | तंतुकणिका → 7 → एटीपी | 7. तंतुकणिकेत एटीपी तयार होते. |

पहिली पद्धत लिहायला सर्वांत जलद. विद्यार्थ्याला बाणावर एकच क्रियापद टाकायचे असते आणि नकाशा स्वच्छ दिसतो. वाचताना वाक्य थोडे कवितेसारखे लागते, पण मराठी कानाला ते चालते. खरी गोची तिथेच आहे: आपल्या भाषेत शब्दक्रम सैल असल्यामुळे कान फार उदार होतो. बाण उलटा काढा आणि पुन्हा वाचा: ‘एटीपी तयार करते तंतुकणिका’. हेही कानाला खटकत नाही, कारण कोण कोणाला तयार करते हे ऐकणारा स्वतःच्या माहितीने ठरवतो. ‘करते’ हे रूप दोन्हीकडे चालून जाते. म्हणजे उलट्या बाणाची चूक नेमकी या पद्धतीतच सुटते, आणि ती सुटू नये म्हणूनच तर आपण वाक्य वाचायला बसलो होतो.

मुलांचे नकाशे तपासताना मीही यात फसलो आहे. एकाने ‘ग्लुकोज → वापरते → श्वसन’ असे काढले होते आणि मी बरोबरची खूण केली. डोक्यात मी ‘श्वसन ग्लुकोज वापरते’ असे वाचले होते. बाण मात्र उलटे सांगत होता.

दुसऱ्या पद्धतीत बाणावर दोन भाग लिहायचे: पहिल्या चौकटीला लागणारा प्रत्यय आणि वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद. मध्ये टिंबे म्हणजे दुसऱ्या चौकटीची जागा. ‘श्वसन → -त … वापरले जाते → ग्लुकोज’ हे ‘श्वसनात ग्लुकोज वापरले जाते’ असे वाचायचे. दुसऱ्या चौकटीलाही प्रत्यय लागत असेल तर टिंबांनंतर तोही लिहायचा: ‘श्वसन → -त … -चे विघटन होते → ग्लुकोज’. चौकटीत नाम मूळ रूपातच राहते. ‘तंतुकणिका’चे ‘तंतुकणिके-’ किंवा ‘पाणी’चे ‘पाण्या-’ हे सामान्यरूप वाचणाऱ्याने तोंडाने करायचे. पहिले दोन दिवस मुले ‘पाणीपासून’ असे वाचतात, नंतर सवय होते.

या पद्धतीची कमाई म्हणजे बाण उलटा झाला की वाक्य लगेच मोडते. ‘ऑक्सिजनपासून पाणी बाहेर पडते’ असे कोणी वाचले की वर्ग हसतो. प्रत्यय लिहावा लागतो म्हणून नाते ठरवावेच लागते: मध्ये, पासून, मुळे, साठी, की ने? आणि जीवशास्त्रातली बरीच चूक याच निवडीत दडलेली असते. ‘कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन बाहेर पडतो’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, वर्गात अनेकांना पटतेही, पण खोटे आहे. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून येतो. 1941 मध्ये सॅम्युएल रुबेन आणि मार्टिन केमेन यांनी ऑक्सिजनचे जड समस्थानिक असलेले पाणी शैवालाला देऊन हे दाखवले. पहिल्या पद्धतीत हाच विद्यार्थी ‘कार्बन डायऑक्साइड → देतो → ऑक्सिजन’ असे लिहून सुटला असता, कारण ‘देतो’ हा शब्द कशालाही बांधील नाही.

तिसऱ्या पद्धतीत बाणावर फक्त आकडा असतो आणि खाली किंवा मागच्या पानावर त्या आकड्याचे पूर्ण वाक्य. मराठी यात सर्वांत नैसर्गिक राहते, आणि परीक्षेसाठी तपासायलाही ती सोयीची, कारण वाक्ये ओळीने वाचता येतात. माझी तक्रार वेगळी आहे. वाक्य मोकळे झाले की त्यात नकाशात नसलेल्या गोष्टी शिरतात. पाण्याकडून ऑक्सिजनकडे जाणाऱ्या बाणाखाली एका मुलीने लिहिले, ‘सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेने हरितलवकात पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन बाहेर पडतो.’ वाक्य शंभर टक्के खरे. पण त्यात चार चौकटी आल्या आणि नकाशात बाण एकच होता. सूर्यप्रकाशाचा पाण्याशी संबंध तिला नकाशात मांडता आला नव्हता, तो वाक्याने झाकला. यावर एक नियम बरा पडतो: बाणाच्या वाक्यात त्या दोनच चौकटींची नावे यावीत. तिसरे नाव आले तर तिथे नवा बाण हवा.

पद्धत कोणतीही निवडा, तपासणी करताना प्रत्येक जोडी एकटी वाचायला हवी. साखळीत वाचली की चूक शेजारच्या खऱ्या वाक्याच्या आडोशाने निघून जाते. उदाहरणार्थ ‘सूर्यप्रकाश → -ला … शोषून घेते → हरितद्रव्य’ आणि पुढे ‘हरितद्रव्य → -पासून … तयार होते → ग्लुकोज’. ओघात वाचले तर गोष्ट पटते. दुसरे वाक्य एकटे वाचा: ‘हरितद्रव्यापासून ग्लुकोज तयार होते.’ हे खोटे आहे. हरितद्रव्य प्रकाश शोषते, ते स्वतः कच्चा माल नाही. ग्लुकोजमधला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. आम्ही यासाठी जाड कागदाला आडवी खाच पाडून एक खिडकी करतो आणि ती नकाशावर सरकवतो. तिच्यातून दोन चौकटी आणि एक बाण एवढेच दिसते. वाचणारा जोडीदार दुसऱ्या गटातला असावा, कारण ज्याने काढले तो जे मनात होते तेच वाचतो.

एकटे वाचलेले वाक्य चार प्रकारचे निघते. एक, वाक्यच होत नाही. ही चूक सर्वांत स्वस्त, लगेच सुटते. दोन, वाक्य होते पण खोटे असते. तीन, खरे असते पण मोघम: ‘प्रकाशसंश्लेषण श्वसनाशी संबंधित आहे.’ हे खोटे ठरवता येत नाही म्हणून सर्वांत चिवट. मी ‘संबंधित’, ‘निगडित’ आणि ‘महत्त्वाचे’ हे शब्द बाणावर बंदच केले आहेत. त्या जागी ‘प्रकाशसंश्लेषणात ग्लुकोज तयार होते’ आणि ‘श्वसनात ग्लुकोज वापरले जाते’ असे दोन बाण येतात, आणि मोघम वाक्याला जे सांगायचे होते ते ग्लुकोजची चौकटच सांगते.

चौथा प्रकार अर्धसत्याचा. ‘तंतुकणिकेत श्वसन होते.’ यावर बहुतेक जण खूण करून पुढे जातात. अशा वाक्यात ‘संपूर्ण’ किंवा ‘फक्त’ घालून पुन्हा वाचावे: ‘तंतुकणिकेत संपूर्ण श्वसन होते’ हे खरे आहे का? नाही. ग्लुकोजच्या विघटनाची पहिली पायरी पेशीद्रव्यात होते, आणि तिथून तयार झालेला पायरुव्हेट तंतुकणिकेत जातो. म्हणजे पेशीद्रव्याच्या चौकटीला एक बाण हवाच होता: ‘पेशीद्रव्य → -त … -चे विघटन सुरू होते → ग्लुकोज’. माझ्या वर्गात ती चौकट बऱ्याचदा कोपऱ्यात बिनबाणाची पडून असते. त्याच ओघात ‘श्वसनात ऊर्जा तयार होते’ हे वाक्यही पकडावे. ऊर्जा तयार होत नाही. ग्लुकोजमध्ये साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि तिचा काही भाग एटीपीत साठतो. बाकीची उष्णता म्हणून जाते.

या कसोटीची एक मर्यादा निवड करताना लक्षात घ्यावी. ती आहे त्या बाणांची परीक्षा घेते, नसलेल्या बाणांबद्दल गप्प बसते. सात खऱ्या वाक्यांचा नकाशा निर्दोष ठरेल, पण हरितलवकाकडून तंतुकणिकेपर्यंत ग्लुकोजमार्गे एकही वाट नसेल तर वरच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाहीच. म्हणून शेवटी बोटाने सूर्यप्रकाशापासून एटीपीपर्यंत बाणांच्या दिशेने जाऊन पाहायचे. कुठे बोट उचलावे लागले ती जागा नोंदवायची.

मग कोणती पद्धत घ्यावी? पाच-सहा चौकटींचा पहिलावहिला नकाशा असेल तर मधले क्रियापद पुरते. फक्त बाणाची दिशा वेगळी तपासा, कानावर सोडू नका. घटक शिकवून झाल्यावर वर्गात बसून काढायच्या बारा-पंधरा चौकटींच्या नकाशाला मी प्रत्ययाचीच पद्धत घेईन, कारण चूक लिहितानाच उघडी पडते. गुण द्यायचे असतील आणि नकाशे घरी नेऊन तपासायचे असतील तर क्रमांक आणि वाक्य, दोन नावांच्या नियमासकट. संगणकावर CmapTools वापरत असाल तर बाणावरचा मजकूर एकाच पट्टीत बसतो, त्यामुळे ‘-त … तयार होते’ हे टिंबांसकट तसेच टाइप करावे लागते. त्यातली सगळी विधाने मजकूर म्हणून बाहेर काढता येतात, पण ती चौकट-बाण-चौकट याच क्रमाने येतात, तेव्हा ‘तंतुकणिका -त … तयार होते एटीपी’ अशा ओळी दिसल्या तर घाबरू नका. त्या मोठ्याने वाचायलाच बसायचे आहे.