ओढणी, हिजाब की नकाब? एकाच आयतीची तीन वाचनं

कुरआनात पोशाखाबद्दल सर्वांत सविस्तर सांगितलंय ते सूरह नूरमध्ये, आणि तिथे सुरुवात बायकांपासून होत नाही. तिसावी आयत पुरुषांना म्हणते, नजरा खाली ठेवा आणि आपली लाज राखा. एकतिसावी आयत तेच स्त्रियांना सांगते आणि मग कपड्यांकडे वळते. हा क्रम आपल्याकडच्या चर्चेत सहसा गाळला जातो. पुरुषांसाठीही नियम आहेत: बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचं अंग झाकलेलं हवं असं बहुतेक उलेमा सांगतात, शिवाय रेशीम आणि सोनं त्यांना वर्ज्य आहे. पण यावरून कुणी पुरुषाला गल्लीत थांबवून जाब विचारल्याचं फारसं ऐकू येत नाही.

साधेपणाने, अंग झाकून राहण्यामागे कारणं दोन दिली जातात. पहिलं हयेचं, म्हणजे आतून वाटणाऱ्या लाजेचं. हया हा ईमानचाच एक भाग आहे, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सूरह आराफ तर कपडे अंग झाकतात आणि शोभाही देतात, असं सांगून लगेच म्हणते की तकव्याचा, म्हणजे अल्लाहचं भय बाळगण्याचा पोशाख सर्वांत उत्तम. म्हणजे नटण्याला विरोध नाही, ते कुणासमोर आणि किती हा प्रश्न आहे. दुसरं कारण सूरह अहजाबच्या एकोणसाठाव्या आयतीत येतं: बाहेर पडताना वरचं वस्त्र ओढून घ्यावं, म्हणजे त्या ओळखल्या जातील आणि त्यांना त्रास दिला जाणार नाही. पहिलं कारण कोणत्याही काळाचं आहे. दुसरं मदिनेतल्या विशिष्ट परिस्थितीतून आलेलं दिसतं. उलेमांचे पुढचे बरेच मतभेद, यातलं कोणतं कारण किती वजनाचं मानायचं, इथून फुटतात.

इथपर्यंत सगळे एकत्र असतात. वाट फुटते ती एकतिसाव्या आयतीतल्या दोन जागांवर.

पहिली जागा: स्त्रियांनी आपली शोभा दाखवू नये, ‘जी आपोआप दिसते ती सोडून’. आपोआप काय दिसतं? पैगंबरांचे सहवासी इब्न मसऊद यांच्या मते फक्त वरचे कपडे. इब्न अब्बास यांच्या नावावर सांगितलेल्या मतानुसार चेहरा आणि हात, म्हणजे डोळ्यांतला सुरमा आणि बोटातली अंगठी. पहिल्या पिढीतल्याच दोन जाणकारांत हा फरक होता. नकाब घालणाऱ्या आणि चेहरा उघडा ठेवणाऱ्या, दोघींच्या पाठीशी त्या काळातलं नाव आहे.

दुसरी जागा: आपले खिमार छातीवर, गळ्याच्या उघड्या भागावर घ्या. खिमार म्हणजे डोक्यावरून घ्यायचं वस्त्र, आपल्या ओढणीसारखं. जुने भाष्यकार सांगतात की तेव्हा बायका त्याची टोकं पाठीवर टाकायच्या, त्यामुळे गळा आणि छातीचा वरचा भाग उघडा राहायचा. आयतीने तीच टोकं पुढे आणायला सांगितली.

आता यावरून दोन निष्कर्ष निघतात. चारही सुन्नी मजहब, म्हणजे धर्मशास्त्राच्या शाखा, आणि शिया परंपरा म्हणते, वस्त्र डोक्यावरचंच आहे, म्हणून डोकं झाकणं आज्ञेत गृहीत आहे आणि छाती ही त्यात घातलेली भर. यांच्या बाजूला हजरत आयेशांची बुखारीतली हदीस आहे: आयत उतरली तेव्हा बायकांनी आपल्या चादरी फाडून त्यांचे खिमार केले. शतकानुशतकं हेच मत चालत आलंय. ते ‘अनेकांपैकी एक’ आहे असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

दुसरा निष्कर्ष आधुनिक काळातला आणि अल्पमताचा आहे. हे अभ्यासक म्हणतात, आज्ञेचा रोख छाती झाकण्यावर आहे, डोक्यावरचं वस्त्र हा अरबांचा आधीपासूनचा रिवाज होता, त्याला स्वतंत्र हुकूम नाही. इजिप्तचे न्यायाधीश मुहम्मद सईद अल-अश्मावी यांनी हे उघडपणे मांडलं. पाकिस्तानात जन्मलेले जावेद अहमद गामिदी जरा वेगळं म्हणतात: डोकं झाकणं ही मुसलमान स्त्रियांची आवडावी अशी परंपरा आहे, पण शरियतचा सक्तीचा नियम नाही.

या वादात एक हदीस हमखास पुढे येते, म्हणून ती नीट पाहू. अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे की हजरत अस्मा पातळ कपड्यात आल्या, तेव्हा पैगंबरांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, मुलगी वयात आली की हे आणि हे सोडून काही दिसू नये. आणि चेहऱ्याकडे व हातांकडे खूण केली. प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण अबू दाऊद यांनीच खाली नोंद केली आहे की ती सांगणाऱ्यांची साखळी तुटलेली आहे, कारण खालिद बिन दुरैक ज्या आयेशांकडून ती सांगतात त्यांना ते भेटलेच नव्हते. विसाव्या शतकातले हदीसतज्ज्ञ अल्बानी म्हणतात, इतर आधारांमुळे तिला बळ मिळतं. चेहरा झाकणं सक्तीचं नाही या त्यांच्या मताला ती उपयोगी पडते. सौदीचे इब्न बाज यांनी ती कमजोर ठरवली आणि चेहराही झाकावा असा निर्णय दिला. म्हणून ही एक हदीस दाखवून कुणी विषय संपवत असेल, तर तिची साखळी विचारावी.

आपल्याकडची गोष्ट सांगायची तर महाराष्ट्रातले बहुतेक सुन्नी हनफी मजहबाचे आहेत, आणि कोकणी मुसलमान शाफई. हनफी मतात चेहरा मुळात झाकायच्या अवयवांत येत नाही. तरी इथले अनेक हनफी मौलाना तरुण मुलीला नकाब सुचवतात, ते ‘फितन्या’च्या भीतीने, म्हणजे छेडछाड किंवा मोह होऊ नये म्हणून. शाफई मताच्या नंतरच्या काही ग्रंथांत परपुरुषासमोर चेहरा झाकण्याकडेच कल आहे. म्हणजे रत्नागिरीत आणि मालेगावात दोन बायका सारखाच नकाब घालत असतील, पण त्यामागची कारणं वेगळी असू शकतात. परिस्थितीवर टेकलेला सल्ला परिस्थितीबरोबर सैल होऊ शकतो, मूळ हुकूम तसा होत नाही. मला हा फरक सगळ्यांत कामाचा वाटतो, आणि तोच सहसा सांगितला जात नाही.

नमाजचं मात्र वेगळं. वयात आलेल्या स्त्रीची नमाज खिमारशिवाय कबूल होत नाही, अशी हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्याकडे आहे आणि मजहबांत यावर वाद नाही. त्यामुळे बाहेर डोकं न झाकणाऱ्या बऱ्याच जणीही नमाजला ओढणी घेतात; यात विसंगती शोधण्याची गरज नाही. उलट हज-उमऱ्याच्या इहरामात स्त्रीने नकाब आणि हातमोजे घालू नयेत, असं बुखारीत आहे. चेहरा उघडा ठेवण्याच्या बाजूचे उलेमा याचा दाखला देतात. विरोधक म्हणतात, इहरामात मना करावं लागलं याचा अर्थच असा की एरवी नकाब वापरात होता.

ठरवताना तिन्ही वाटांची किंमत वेगवेगळी आहे. नकाब घेतलात तर आधार जुना आहे, पण त्यावर एकमत नाही. केस झाकून चेहरा उघडा ठेवलात तर परंपरेचा सर्वांत भक्कम भाग तुमच्यासोबत आहे. डोकं उघडं ठेवायचं असेल तर साध्या, अंग झाकणाऱ्या कपड्यांची अट गामिदींसारखे अभ्यासकही सोडत नाहीत, आणि आपण अल्पमतासोबत आहोत हे समजून ठरवावं लागतं. डोकं न झाकल्याबद्दल कुरआनात कुठली ठरावीक शिक्षा मात्र दिलेली नाही.

मौलानांना किंवा आलिमांना विचारायला जाल तेव्हा ‘घालू की नको’ एवढंच विचारू नका. ते जे सांगतील ते कोणत्या मजहबाचं, ते मूळ हुकूम म्हणून आहे की फितन्याच्या भीतीने, आणि तुमच्या कॉलेजात किंवा ऑफिसात ती भीती खरोखर लागू पडते का, हेही विचारा.