एका कानाने ऐकताना मोनो आणि बॅलन्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी एका सकाळी उठले तेव्हा उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. स्टिरॉइडच्या उपचारांनंतर थोडे ऐकू परत आले, पण ते स्वच्छ नव्हते. तानपुऱ्याचा षड्ज डाव्या कानात जिथे लागतो, त्यापेक्षा उजव्या कानात किंचित चढा लागतो. डावा कान पूर्वीसारखाच चांगला आहे. गेले आठ महिने मी हेडफोनने ऐकताना फोनमधल्या दोन सोयी रोज वापरत आहे: डावा-उजवा आवाज एकत्र करणारा मोनो आणि दोन बाजूंच्या आवाजाचे प्रमाण बदलणारा बॅलन्स. त्यातले पहिले काही आठवडे चुकीच्या वापरात गेले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

उजवा कान अधू असल्यामुळे मी बॅलन्सची पट्टी उजवीकडे सरकवली. त्या बाजूला आवाज जास्त जाईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ही पट्टी कोणत्याही बाजूचा आवाज वाढवत नाही, फक्त विरुद्ध बाजूचा कमी करते. म्हणजे मी माझ्या चांगल्या कानाचाच आवाज कमी करून बसले होते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी एकूण आवाज वाढवत होते. त्यामुळे उजव्या कानात पोहोचलेला आवाज मोठा झाला खरा, पण तितकाच फाटकाही झाला. शिवाय माझ्या कानाला खालचे स्वर बरे ऐकू येतात आणि वरचे फार कमी, तर बॅलन्स सगळ्या स्वरांना एकाच मापाने वरखाली करतो. ऐकू येण्यातली अशी असमान तूट त्याने भरून निघत नाही.

मग पट्टी पूर्ण डावीकडे नेली. त्यासरशी दुहेरी षड्जाचा त्रास थांबला, पण रोज ऐकण्यातल्या एका ख्यालाच्या ध्वनिमुद्रणातून हार्मोनियम जवळजवळ नाहीशी झाली. त्या मुद्रणात गायिका मधोमध आहे, तबला डाव्या चॅनलमध्ये आहे आणि हार्मोनियम उजव्या. डावीकडचे चॅनल तेवढे उरले आणि हार्मोनियमचा फक्त सभागृहातला पुसट प्रतिध्वनी ऐकू येत राहिला. आधी मोनो आणि मगच बॅलन्स, हा क्रम मला त्या हार्मोनियममुळे कळला. मोनो चालू केल्यावर दोन्ही चॅनल एकत्र होऊन दोन्ही कानांकडे तेच मिश्रण जाते, आणि त्यानंतर बॅलन्स डावीकडे नेला तरी काही गळत नाही.

माझ्या अँड्रॉइड फोनवर हे दोन्ही Settings > Accessibility > Audio adjustment इथे आहे. आयफोनवर ते Accessibility > Audio & Visual मध्ये असते. मोनो खरोखर लागू झाला आहे की नाही, हे एका कानाने ऐकणाऱ्याला पटकन कळत नाही. मी बॅलन्स मध्यावर आणते, गाण्याचा एखादा तुकडा डाव्या कानाने नीट ऐकते आणि मग हेडफोन उलटे घालून तोच तुकडा पुन्हा ऐकते. दोन्ही वेळा डाव्या कानात अगदी तेच ऐकू आले, तर मोनो चालू आहे. तबल्याच्या जागी हार्मोनियम पुढे आली, तर नाही. लॅपटॉपवर आणि टीव्हीवर हीच सेटिंग वेगळी लावावी लागते. फोनवर लावले म्हणजे सगळीकडे झाले असे समजून मी काही दिवस लॅपटॉपवर अर्धेच ऐकत होते.

मोनोमुळे मूळ मिश्रणाचा तोल मात्र थोडा बदलतो. दोन्ही चॅनल सहसा निम्मे-निम्मे मिसळले जातात, त्यामुळे मधोमध असलेला गळा होता तसाच राहतो आणि एकाच बाजूला असलेले वाद्य मागे सरकते. ख्यालात मला हे चालते. त्रास होतो तो काही नव्या गाण्यांत, जिथे आवाज रुंद भासावा म्हणून एखादे वाद्य दोन चॅनलमध्ये एकमेकांच्या उलट लहरींत ठेवलेले असते. बेरीज होताच त्या लहरी एकमेकींना खोडतात आणि ते वाद्य पोकळ होते किंवा गायबच होते. अशा वेळी मोनो बंद करून, बॅलन्स मध्यावर ठेवून, एकदा हेडफोन सरळ आणि एकदा उलटे घालून ऐकण्यापलीकडे मला उपाय सापडलेला नाही. जुनी मोनो मुद्रणे आणि साधे फोन कॉल यांत मुळातच दोन वेगळी चॅनल नसल्यामुळे तिथे या सेटिंगने काहीही बदलत नाही.

आवाज कोणत्या बाजूने आला, हे मोनोमुळे कळू लागत नाही; उलट मुद्रणात दिशेची जी खूण असते तीही पुसली जाते. माझ्यापुरते हे नुकसान नाममात्र आहे, कारण ती खूण ओळखायला दोन चांगले कान लागतात. पण ज्यांचा दुसरा कान बऱ्यापैकी शाबूत आहे आणि ज्यांना स्वर दुहेरी ऐकू येत नाहीत, त्यांनी आधी मोनोशिवाय, बॅलन्स चांगल्या कानापासून थोडासाच दूर नेऊन पाहावा.