क्रिप्टोचा टॅक्स "शून्य करून देतो" म्हणणाऱ्याने मला कसं खड्ड्यात घातलं

हे लिहायला लाज वाटतेय पण लिहितो, कारण मागच्याच आठवड्यात ऑफिसमधल्या एका पोराने मला विचारलं की दादा तुमचा तो टॅक्सवाला माणूस कोण होता, नंबर द्या ना. मी म्हटलं बस खाली, चहा घे, आधी सगळं ऐक.

गोष्ट 2023-24 या वर्षाची. मी नोकरदार माणूस, पगारावरचा टॅक्स कंपनीच कापते, त्यामुळे रिटर्न म्हणजे फॉर्म 16 बघायचा आणि दोन बटणं दाबायची एवढंच माहिती. त्या वर्षी मी एका एक्स्चेंजवर क्रिप्टोत हात घातला होता. मार्च संपला, स्टेटमेंट डाउनलोड केलं तर तीनशे बारा ओळी! बाय, सेल, विथड्रॉवल, डिपॉझिट, फी, टीडीएस, सगळी खिचडी. खरं तर नाणी तीनच होती, पण एक ऑर्डर पाच तुकड्यांत भरली की पाच ओळी येतात आणि प्रत्येक ओळीला परत फीची वेगळी ओळ. बघूनच डोकं गरगरलं.

एका टेलिग्राम ग्रुपमध्ये एक जण रोज लोकांच्या रिफंडचे स्क्रीनशॉट टाकायचा. स्वतःला सीए कधीच म्हणाला नाही हे आता लक्षात येतं, "क्रिप्टो टॅक्स एक्स्पर्ट" म्हणायचा. मी मेसेज केला, स्टेटमेंट पाठवलं, आणि तासाभरात त्याचा फोन.

"सर, तुमची एकूण विक्री दोन लाख पंचावन्न हजार सहाशे. क्रिप्टोवर तीस टक्के टॅक्स आहे हे माहितीये ना? म्हणजे शहात्तर हजार सहाशे ऐंशी भरावे लागतील."

माझ्या पोटात गोळाच आला. एवढा तर मला फायदाही झाला नव्हता असं वाटत होतं. मग तोच म्हणाला घाबरू नका सर, मी लीगली शून्य करून देतो, वाचलेल्या टॅक्सच्या पंधरा टक्के माझी फी. म्हणजे 11,502 रुपये. मी यूपीआयने पाठवले पण, आणि वर आभार मानले त्याचे!

इथेच पहिली लबाडी होती आणि ती मला वर्षभर कळली नाही. तीस टक्के विक्रीवर नसतात, फायद्यावर असतात. कलम 115बीबीएच, 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे, त्यात विक्रीच्या रकमेतून त्याच नाण्याची खरेदी किंमत वजा करता येते. त्याने मुद्दाम विक्रीवर तीस टक्के लावून भीतीचा आकडा मोठा केला, कारण त्याची फी त्या आकड्यावर होती. जेवढा टॅक्स मला लागणारच नव्हता तेवढा वाचवल्याचे पैसे घेतले बाबाने.

मग त्याने इन्कम टॅक्स पोर्टलचा पासवर्ड मागितला, मी दिला (हो, दिला). आधारचा ओटीपी आला, तोही सांगितला. जुलैत रिटर्न भरलं, सप्टेंबरमध्ये 2,556 रुपये रिफंड खात्यात. वर्षभर एक्स्चेंजने प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला होता तेवढाच तो. मी खूश, ग्रुपमध्ये जाऊन अंगठा दाखवून आलो.

उजेड पडला तो पुढच्या वर्षी जूनमध्ये. घराच्या कर्जासाठी बँकेने रिटर्नची कॉपी मागितली म्हणून मी पहिल्यांदा स्वतः पोर्टलवर गेलो. प्रोफाइल उघडलं तर ईमेल माझा नाहीच! त्या माणसाचा. म्हणजे इन्कम टॅक्स खात्याकडून काही आलं असेल तर ते त्याच्याकडे जात होतं. कम्प्लायन्स पोर्टलवर ई-कॅम्पेनमध्ये माझ्या नावावर सूचना पडलेली होती, क्रिप्टोचे व्यवहार आणि तुमचं रिटर्न जुळत नाही, तपासून बघा अशा अर्थाची. आणि एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडे असलेल्या आपल्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीत, माझ्या विक्रीच्या नोंदी एकेक करून दिसत होत्या, कारण टीडीएस कापला की एक्स्चेंज ते पॅन नंबरसकट खात्याला कळवतंच.

कर्ज राहिलं बाजूला, मी ते रिटर्न घेऊन आमच्या सोसायटीतल्या एका सीए काकूंकडे गेलो. त्यांनी शेड्यूल व्हीडीए, म्हणजे रिटर्नमधला क्रिप्टोचा तक्ता, उघडला आणि हसायलाच लागल्या. एकच ओळ होती. खरेदीची तारीख 1 एप्रिल 2023, विक्रीची तारीख 31 मार्च 2024, खरेदी 2,58,000, विक्री 2,55,600, उत्पन्न शून्य. काकू म्हणाल्या, अरे हे शेड्यूल प्रत्येक व्यवहारासाठी आहे, वर्षाची एक मोट बांधून टाकायला नाही.

मग त्यांनी माझ्यासमोर एक्सेल उघडलं. आकडे मी इथे गोल करून सांगतो. आधी त्यांनी नाण्याप्रमाणे ओळी वेगळ्या केल्या आणि रुपयांकडे बघितलंच नाही, फक्त नग मोजले.

बिटकॉइन: सप्टेंबर 2023 मध्ये मी 0.04 घेतलं होतं, बावीस लाखांच्या भावाने, म्हणजे 88,000 रुपये. मग कुणाचं तरी ऐकून स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवलं आणि मार्चमध्ये परत एक्स्चेंजवर आणलं, त्या जाण्यायेण्यात मिळून 0.001 फीमध्ये गेलं. उरलं 0.039, ते चोपन्न लाखांच्या भावाने विकलं, 2,10,600 आले. 0.04 वजा 0.001 वजा 0.039, बाकी शून्य, आणि 31 मार्चला खात्यात बिटकॉइन शून्यच होतं. काकू म्हणाल्या हे नग जुळले की समजायचं एकही ओळ सुटली नाही, आणि हे जुळत नसेल तर पुढचं सगळं गणित कचरा.

मॅटिक: एप्रिल 2023 मध्ये 1,000 नग 90 रुपयांनी, 90,000. ऑक्टोबरमध्ये वैतागून 45 ला विकले, 45,000. इथे माझी लागलीच होती.

इथर: फेब्रुवारीत 0.3 घेतलं, 75,000 ला, आणि विकलंच नाही.

आता त्या एक्स्पर्टने काय केलं होतं बघा. बायची सगळी बेरीज, 2,53,000. म्हणजे न विकलेल्या इथरचे 75,000 पण खर्चात घातले! जे अजून माझ्याकडेच पडलंय त्याची किंमत यंदा कशी वजा होईल, ते ज्या वर्षी विकीन त्या वर्षीच्या हिशोबात येणार. त्यावर ट्रान्सफर फी 3,800 आणि ट्रेडिंगची फी 1,200 असे आणखी 5,000 जोडले. यातली ट्रान्सफर फी तर दुहेरी होती, कारण फीमध्ये गेलेलं 0.001 बिटकॉइन त्या 88,000 च्या खरेदीत आधीच मोजलेलं होतं. आणि मुळात या कायद्यात खरेदी किंमत सोडून दुसरा कुठलाच खर्च वजा होत नाही. खरेदीच्या वेळची फी किमतीत धरायची का यावर सीए लोकांमध्ये दोन मतं आहेत म्हणे, काकूंनी धरली नाही, म्हणाल्या बाराशे रुपयांसाठी मला वाद नको. ट्रान्सफर फीचा मात्र प्रश्नच नाही, ती बुडाली.

तिसरी गोष्टही महागात पडणारी. बिटकॉइनचा फायदा आणि मॅटिकचा तोटा त्याने एकाच बेरजेत गिळून टाकला. शेअरमध्ये आपण करतो तशी वजाबाकी इथे चालतच नाही. मॅटिकचे 45,000 गेले ते गेले, ते बिटकॉइनच्या फायद्यातून वजा करता येत नाहीत, पुढच्या वर्षी ओढून नेता येत नाहीत. शेड्यूलमध्ये त्या ओळीचं उत्पन्न शून्य येतं आणि विषय संपला. अन्याय वाटतो ना, मलाही वाटतो, पण कायदा तसा आहे.

म्हणजे खरा हिशोब फक्त बिटकॉइनच्या ओळींचा. विकलेल्या 0.039 ची खरेदी किंमत 85,800 (फीमध्ये गेलेल्या 0.001 चे 2,200 काकूंनी सोडून दिले), विक्री 2,10,600, फायदा 1,24,800. त्याचे तीस टक्के 37,440, त्यावर चार टक्के सेस, एकूण 38,938 रुपये. कापलेले 2,556 यातच धरायचे होते. तेव्हाच भरलं असतं तर खिशातून 36,382 गेले असते आणि मी झोपलो असतो निवांत.

मी विचारलं आता रिटर्न दुरुस्त करता येईल का. काकू म्हणाल्या रिव्हाइज्डची मुदत 31 डिसेंबर 2024 लाच गेली, आता अपडेटेड रिटर्न, आणि त्यात टॅक्स अधिक व्याज, आणि त्या दोन्हीवर आणखी 25 टक्के. मिळालेला रिफंडही परत. सगळं मिळून छप्पन हजारांच्या आसपास चलन भरलं. शिवाय त्याला दिलेले 11,502 वेगळे. बायकोला सांगताना मी आकडा दोन हप्त्यांत सांगितला.

त्या माणसाला फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला सर नोटीस येतेच, उत्तर मी लिहून देतो, पाच हजार होतील. मी आवाज चढवला तर म्हणाला रिटर्न तुमच्या ओटीपीने व्हेरिफाय झालंय, सही तुमची आहे. आणि खरंय ते, तिथे मी गप्पच झालो. संध्याकाळपर्यंत ब्लॉक. 1930 वर फोन करून सायबरची तक्रार नोंदवलीये, नंबर मिळालाय, अजून पुढे काही नाही.

त्या पोराला मी एवढंच सांगितलं की कुणी तुझं काम करायला घेतलं तर त्याला तीन प्रश्न विचार. 31 मार्चला प्रत्येक नाण्याचे नग जुळवलेस का? तोट्याच्या ओळींचं काय केलंस? न विकलेला माल कुठे गेला? आणि एक नाणं देऊन दुसरं घेतलं असेल तर तीपण विक्रीच असते, रुपये हातात आले नाहीत म्हणून ती ओळ गाळणारा दिसला तर उठून ये. फी टक्क्यांत मागत असेल तर प्रश्नही विचारू नको. सीए असल्याचं सांगत असेल तर मेंबरशिप नंबर माग, इन्स्टिट्यूटच्या साइटवर तपासता येतो. पासवर्ड देऊन बसला असशील तर आज घरी जाऊन प्रोफाइलमधला ईमेल आणि मोबाइल कुणाचा आहे ते बघ.

तो म्हणाला दादा, मी ओटीपी कालच सांगितलाय. आम्ही तिथेच त्याचा लॅपटॉप उघडला.