फुल क्रीम, टोन्ड आणि स्किम्ड: काही महिने आलटून पालटून वापरल्यावर

आमच्याकडे रात्री झोपताना ग्लासभर दूध आणि दिवसातून तीनदा चहा, हे ठरलेलं आहे. ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून फुल क्रीम, टोन्ड आणि स्किम्ड तिन्ही दुधं आलटून पालटून काही महिने वापरली, त्याचा हा अनुभव.

आधी पिशवीवरचं फॅट बघा, पिशवीच्या रंगावर जाऊ नका, कारण प्रत्येक डेअरीचा रंग वेगळा असतो. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३ आणि स्किम्डमध्ये जास्तीत जास्त अर्धा टक्का. म्हणजे २०० मिलीच्या ग्लासात फुल क्रीमचं १२ ग्रॅम फॅट आणि साधारण १७५ कॅलरी, टोन्डचं ६ ग्रॅम आणि ११५-१२०, स्किम्डचं फार तर १ ग्रॅम आणि ७० च्या आसपास. प्रोटीन तिन्हीत जवळपास सारखंच, जातं ते फॅटच. आणि घरी तापवून वरची साय काढली की झालं असं बरेच जण म्हणतात, पण सायीबरोबर सगळं फॅट निघत नाही, काही दुधातच राहतं.

आता चहा. आम्ही अर्धं दूध अर्धं पाणी घालतो, म्हणजे कपाला ५० मिली दूध. त्यात फुल क्रीम असेल तर ३ ग्रॅम फॅट आणि ४४ कॅलरी, स्किम्ड असेल तर १७-१८ कॅलरी. फरक २५ च्या आसपास, आणि दोन चमचे साखरेच्याच ४० कॅलरी होतात! शिवाय स्किम्डचा चहा इतका पाणचट लागतो की माणूस हमखास दूध वाढवतो नाहीतर साखर, म्हणजे वाचवलेलं परत गेलं.

मला सगळ्यात कामाचा वाटलेला हिशोब हा. ग्लासही टोन्डचा आणि तिन्ही चहा पण टोन्डचे, तर दिवसाचं साडेदहा ग्रॅम फॅट. ग्लास स्किम्डचा आणि चहा मात्र फुल क्रीमचा, तर १० ग्रॅम. कॅलरीही दोन्हीकडे २०० च्या आसपासच! म्हणून आता आमच्याकडे ग्लासात स्किम्ड आणि चहात फुल क्रीम असतं, ह्यांचा चहा पहिल्यासारखा दाट होतो आणि रात्रीच्या स्किम्डमध्ये हळद-वेलची घातली की पातळपणा तितका जाणवत नाही. दोन पिशव्या आणायचा कंटाळा असेल त्यांनी सरळ सगळीकडे टोन्ड वापरावं, खरंच काही बिघडत नाही.

स्किम्ड तापवताना लक्ष ठेवा, मंद आच आणि जाड बुडाचं पातेलं, तळाला पटकन लागतं. आणि नातीला, ती दीड वर्षाची आहे, आम्ही फुल क्रीमच देतो, दोन वर्षांखालच्या मुलांना स्किम्ड देत नाहीत, त्यांच्या वाढीला ते फॅट लागतं.