रिपोर्टमधे देवनागरी आकडे: फॉरमॅट लावायचा की अक्षरं बदलायची?

एक्सेलमधला रिपोर्ट मराठीत द्यायचाय आणि 1250 च्या जागी १२५० दिसायला हवं, तर रस्ते दोन आहेत. एकात सेलमधली संख्या आहे तशीच राहते, फक्त दिसते देवनागरीत. दुसऱ्यात एकेक अंक खरोखर बदलतो. प्रिंट काढली की दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून लोक जे पहिलं सापडेल ते वापरतात, पण पुढे त्या शीटवर काम करायचं म्हटलं की फरक कळतो.

पहिला रस्ता म्हणजे फॉरमॅट सेल्समधे जाऊन कस्टममधे हे टाकायचं:

```
[$-4000439]#,##0.00
```

यातला सुरुवातीचा 4 देवनागरी अंक सांगतो आणि शेवटचा 439 हा हिंदीचा भाषा-कोड आहे, पण अंक दोन्ही भाषांचे एकच असल्याने आपलं काम होतं. सेलमधे १,२५०.०० दिसतं, आत मात्र 1250 च असतं, त्यामुळे बेरीज, सॉर्ट, चार्ट सगळं नीट चालतं.

दुसरा रस्ता म्हणजे दहा SUBSTITUTE एकात एक घालून 0 चा ०, 1 चा १ असं करत जाणं. याचा निकाल टेक्स्ट असतो. आणि अशा कॉलमला SUM लावला तर एक्सेल काही एरर देत नाही, गुपचूप 0 दाखवतं, हे सगळ्यात वाईट कारण मोठ्या रिपोर्टमधे ते नजरेतून सुटतं. सॉर्ट केलं तर १० हे ९ च्या आधी येतं. शिवाय SUBSTITUTE ला सेलचा फॉरमॅट दिसत नाही, आतली किंमत दिसते, म्हणजे 1,250.00 चं नुसतं १२५० होतं आणि १ जानेवारी २०२४ या तारखेचं तर थेट ४५२९२ होतं, कारण एक्सेल तारीख तशीच साठवतं.

मग SUBSTITUTE कधी? जिथे मूळचाच टेक्स्ट आहे तिथे. "अ-104/ब" सारख्या नोंदीला नंबर फॉरमॅट लागूच होत नाही, तिथे अंक बदलण्याशिवाय इलाज नाही. पण ही नोंद कुणी नंतर 104 टाईप करून शोधणार असेल तर ती सापडणार नाही, तेव्हा असे कोड मी तरी इंग्रजी अंकांतच ठेवा म्हणेन.

फॉरमॅटची एक अडचण आहे. वाक्यात संख्या जोडली की तो गळून पडतो, ="एकूण "&B9 मधे परत 1250 च येतं. तिथे असं लिहा:

```
="एकूण "&TEXT(B9,"[$-4000439]#,##0.00")
```

हेही टेक्स्टच, पण B9 मधली मूळ संख्या शाबूत राहते आणि पुढचे सगळे हिशोब तिच्यावरच करता येतात. रकमांसाठी माझं मत सरळ फॉरमॅटला आहे.