बीटा 1.2 वरून 0.6 वर आणायचाय: शेअर विकायचे की निफ्टी फ्युचर्स शॉर्ट करायचे?

पोर्टफोलिओ 1 कोटीचा आहे आणि निफ्टीच्या तुलनेत त्याचा बीटा 1.2 आहे असे धरू. म्हणजे निफ्टी 1 टक्का हलला की हा पोर्टफोलिओ साधारण 1.2 टक्के हलतो. पुढचे तीन-चार महिने बाजाराची धास्ती वाटते, म्हणून बीटा 0.6 वर आणायचा आहे. त्याचे मार्ग दोन. पहिला, निम्मे शेअर विकून पैसे लिक्विड फंडात ठेवायचे. दुसरा, शेअर तसेच ठेवून त्यांच्यासमोर निफ्टी फ्युचर्स विकायचे. कागदावर दोन्हींचा बीटा सारखाच येतो, पण पोर्टफोलिओत मागे जे उरते ते सारखे नसते. निवड करायची ती त्यावरून.

आधी फ्युचर्सचा हिशोब पाहू. सूत्र असे:

```
N = (bT - bP) / bF * V / (F * L)
```

`bT` म्हणजे हवा असलेला बीटा, `bP` म्हणजे आजचा बीटा, `V` म्हणजे पोर्टफोलिओची आजच्या भावाने किंमत, `F` म्हणजे फ्युचर्सचा भाव आणि `L` म्हणजे लॉट साइज. `bF` हा फ्युचर्सचा स्वतःचा बीटा. पोर्टफोलिओचा बीटा निफ्टीशी मोजला असेल आणि फ्युचर्सही निफ्टीचेच असतील, तर तो 1 धरतात. उत्तर उणे आले तर विकायचे, अधिक आले तर घ्यायचे.

फ्युचर्सचा भाव 25,000 आणि लॉट 65 चा धरला तर एका कॉन्ट्रॅक्टची किंमत 16,25,000 रुपये होते. (लॉट साइज एक्सचेंज अधूनमधून बदलते, त्यामुळे जुन्या एक्सेल शीटमधला आकडा तसाच उचलू नये.) 0.6 वजा 1.2 म्हणजे उणे 0.6. त्याला 1 कोटीने गुणले की उणे 60 लाख, आणि 16.25 लाखांनी भागले की उणे 3.69. अर्धामुर्धा कॉन्ट्रॅक्ट मिळत नाही, तेव्हा 3 किंवा 4 यांतून एक निवडायचा. इथे प्रत्येक लॉट बीटा 0.1625 ने कमी करतो:

| विकलेले लॉट | उरलेला बीटा |
|---|---|
| 3 | 0.71 |
| 4 | 0.55 |
| 6 | 0.225 |

धास्ती खरी असेल तर 4 घ्यावेत. तिसरी ओळ मुद्दाम दिली आहे. ‘1 कोटीचे शेअर आहेत, मग 1 कोटीच्या आसपासचे फ्युचर्स विकले की झाले संरक्षण’ अशा हिशोबाने 6 लॉट विकले जातात, आणि तरीही बाजाराचा जवळपास पाव हिस्सा धोका अंगावर राहतो, कारण बीटा 1.2 आहे हे गणितात आलेलेच नसते. बीटा शून्यावर न्यायचा तर 7.38 लॉट लागतील.

उत्तर बरोबर आहे का, हे उलट बाजूने तपासावे. निफ्टी 8 टक्के पडला तर शेअरमध्ये 9.6 लाखांचा तोटा अपेक्षित आहे. फ्युचर्स 25,000 वरून 23,000 वर आले तर 4 लॉटवर 2,000 × 65 × 4, म्हणजे 5.2 लाख मिळतात. निव्वळ तोटा 4.4 लाखांचा, म्हणजे 4.4 टक्के. 4.4 भागिले 8 केले की 0.55. सूत्राने जे सांगितले तेच आले.

आता विक्रीचा मार्ग. सगळे शेअर सारख्या प्रमाणात विकायचे तर निम्मे, म्हणजे 50 लाखांचे विकावे लागतात. पण तशी सक्ती नाही. पोर्टफोलिओचा बीटा ही प्रत्येक शेअरच्या वजन गुणिले बीटाची बेरीज असते. 1.6 बीटाचे शेअर असतील तर त्यांतले 37.5 लाखांचे विकूनच बीटा 0.6 ने उतरतो. खर्चाचे मोठे कलम कराचे. 50 लाखांच्या विक्रीत 25 लाख दीर्घकालीन नफा असेल, तर 1.25 लाखांची सूट वजा जाता 23.75 लाखांवर 12.5 टक्के, आणि त्यावर 4 टक्के सेस, असा सुमारे 3.09 लाखांचा कर लागतो. शेअर एका वर्षाच्या आतले असतील तर दर 20 टक्के. हा सगळा कर म्हणजे निव्वळ नुकसान, असे मात्र समजू नये. शेअर परत घेताना खरेदी किंमत वाढलेली असते, म्हणून त्यातला बराच भाग पुढे कधीतरी भरायचा होता तो आज भरला, एवढेच. तरीही आज हातातून गेलेले 3 लाख वाढायचे थांबतात. शिवाय डिलिव्हरीवर विकताना आणि परत घेताना दोन्ही वेळा 0.1 टक्का एसटीटी आहेच.

फ्युचर्सच्या मार्गावर हा कर टळतो, पण रोख पैशांची ओढाताण सुरू होते. हे बहुतेकांना बाजार वर जाऊ लागल्यावरच कळते. 4 लॉट म्हणजे 65 लाखांची पोझिशन. मार्जिन 12 टक्के धरले तर 7.8 लाख लागतात. शेअर तारण ठेवून मार्जिन मिळते, पण हेअरकट कापून. आणि रात्रभर ठेवलेल्या पोझिशनसाठी निम्मे मार्जिन रोख किंवा लिक्विड फंडासारख्या रोखीसमान तारणात असावे लागते, नाहीतर ब्रोकर कमी पडलेल्या रकमेवर व्याज लावतो. यापेक्षा मोठी अडचण एमटीएमची. निफ्टी 8 टक्के चढला तर शेअर 9.6 लाखांनी वाढतात, पण फक्त कागदावर. फ्युचर्सचा 5.2 लाखांचा तोटा मात्र रोजच्या रोज खात्यातून रोखीने जातो. तो तारणातल्या शेअरमधून भागत नाही. बाजूला 9-10 लाख मोकळे नसतील तर ब्रोकर पोझिशन कापतो, आणि बहुधा नेमकी बाजार वर असताना. मग घसरण सुरू होते तेव्हा संरक्षण उरलेले नसते.

कराची बाजू इथेही आहेच. फ्युचर्सचा नफा-तोटा भांडवली नफ्यात धरला जात नाही, तो धंद्याच्या उत्पन्नात जातो (सट्टा नसलेल्या), आणि रिटर्न आयटीआर-3 मध्ये भरावा लागतो. बाजार पडला तर 5.2 लाखांच्या नफ्यावर स्लॅबप्रमाणे कर लागेल, शेअरमधला तोटा मात्र न विकल्यामुळे कुठेच दिसणार नाही. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून 1.62 लाख जातील, म्हणजे हातात उरणारे संरक्षण सूत्रातल्यापेक्षा कमी. बाजार चढून फ्युचर्समध्ये तोटा झाला, तर तो त्याच वर्षी पगार सोडून इतर उत्पन्नातून वजा करता येतो. उरलेला 8 वर्षे पुढे नेता येतो, पण मग फक्त धंद्याच्या उत्पन्नासमोरच. ज्याचे उत्पन्न फक्त पगाराचे, त्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

‘विकून लिक्विड फंडात ठेवले तर व्याज तरी मिळते’ हा युक्तिवाद दिसतो तेवढा भक्कम नाही. निफ्टी स्पॉट 24,880 आणि महिन्याचे फ्युचर्स 25,000 असेल, तर 120 अंकांचा हा फरक एक्स्पायरीपर्यंत शून्यावर येतो आणि विकणाऱ्याला मिळतो. 4 लॉटवर ते 31,200 रुपये. तेही एक प्रकारचे व्याजच आहे. फ्युचर्स स्पॉटच्या खाली असेल तेव्हा मात्र उलटे होते, मग संरक्षणासाठी पदरचे मोजावे लागतात. फ्युचर्सच्या पोझिशनची मुदत महिन्याची. चालू, पुढचा आणि त्यापुढचा अशा तीन महिन्यांचे कॉन्ट्रॅक्ट मिळतात, पण उलाढाल बहुतेक चालू महिन्यात असते. म्हणून एक्स्पायरीच्या एक-दोन दिवस आधी रोलओव्हर करावा, आणि दर वेळी आकडा नव्याने काढावा.

आता मुख्य फरकाकडे येऊ. विकलेल्या शेअरबरोबर बाजाराचा धोका जातो आणि त्या कंपनीचा धोकाही जातो. फ्युचर्स फक्त पहिला काढतात. कंपनीचा निकाल वाईट लागला आणि शेअर 20 टक्के पडला, तर निफ्टीचा शॉर्ट त्यात काहीही करत नाही. उलट, कंपन्या बाजारापेक्षा सरस ठरतील हा विश्वास कायम असेल आणि भीती फक्त बाजाराची असेल, तर फ्युचर्स नेमके तेवढेच काम करतात: शेअर हातात राहतात, लाभांश आणि बोनस मिळत राहतो, होल्डिंगचा काळ तुटत नाही.

म्हणून 1.2 हा आकडा किती खरा आहे, हे आधी बघायला हवे. आजच्या वजनांनी गेल्या 2 वर्षांचे साप्ताहिक परतावे काढावेत. डिमॅट खात्याची जुनी किंमत घेऊ नये, कारण मधे टाकलेले-काढलेले पैसे त्यात मिसळलेले असतात. मग एक्सेलमध्ये:

```
=SLOPE(B2:B105, C2:C105)
=RSQ(B2:B105, C2:C105)
```

इथे B मध्ये पोर्टफोलिओचे परतावे आणि C मध्ये निफ्टीचे. पहिले उत्तर बीटा आहे, पण निर्णय दुसऱ्यावर ठरतो. आर-स्क्वेअर 0.85 असेल तर पोर्टफोलिओच्या चढउतारांचा बहुतेक भाग निफ्टीतून येतो, तिथे फ्युचर्स नीट बसतात. मिडकॅप-स्मॉलकॅपच्या पोर्टफोलिओत बीटा तोच 1.2 निघून आर-स्क्वेअर 0.45 निघू शकतो. तिथे 4 लॉट विकूनही निफ्टी 2 टक्के आणि पोर्टफोलिओ 6 टक्के पडण्याची पाळी येते. मग लॉट कमी पडले असे वाटून आणखी विकले जातात, पण दोष लॉटच्या संख्येत नसतो. तो धोका निफ्टीचा नव्हताच. असा पोर्टफोलिओ असेल तर आम्ही विक्रीच्या बाजूने आहोत.

बँकांनी भरलेल्या पोर्टफोलिओसाठी बँक निफ्टी फ्युचर्स जास्त चपखल बसू शकतात, पण बीटाची सरमिसळ होऊ देऊ नये. पोर्टफोलिओचा आणि लक्ष्याचा बीटा निफ्टीशी मोजलेला असेल तर `bF` मध्ये बँक निफ्टीचा निफ्टीशी असलेला बीटा घालावा. भाव 55,000, लॉट 30 आणि `bF` 1.1 धरला तर कॉन्ट्रॅक्ट 16.5 लाखांचे, आणि 60 लाख भागिले 18.15 लाख म्हणजे 3.31 लॉट. `bF` विसरले तर 3.64 येतात, म्हणजे 3 च्या जागी 4 लॉट विकले जातात.

पोर्टफोलिओ लहान असेल तर निवड आपोआप होते. 25 लाखांवर 1 लॉट बीटा 0.65 ने उतरवतो, ते जमून जाते. 10 लाखांवर तोच 1 लॉट 1.625 ने उतरवतो, आणि 1.2 चा बीटा उणे 0.425 होतो. म्हणजे बाजार चढला की तोटा. एवढ्या पोर्टफोलिओत 5 लाखांचे शेअर विकणे सरळ पडते, आणि एवढ्या विक्रीतला दीर्घकालीन नफा तसाही 1.25 लाखांच्या सुटीत बसून जाण्याची शक्यता असते.