काश्मीरच्या टूरचा ॲडव्हान्स भरण्याआधी: दिल्लीची मान्यता बघावी की श्रीनगरची नोंदणी?

काश्मीरच्या एजंटकडे कागद मागितले की व्हॉट्सॲपवर बहुतेक दोनपैकी एक पीडीएफ येते. एक असते केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या मान्यतेची, दुसरी जम्मू-काश्मीर पर्यटन विभागाच्या नोंदणीची. दोन्हींवर शिक्का आणि क्रमांक असतो, पण दोन्हींतून कळतं ते वेगवेगळं.

दिल्लीची मान्यता ऐच्छिक आहे. ज्याला हवी तो अर्ज करतो, कागदपत्रं तपासली जातात आणि मान्यता पाच वर्षांसाठी मिळते. म्हणून ती नसली म्हणून कुणी लबाड ठरत नाही, पण असली तर धंदा हिशेबाचा आहे एवढं समजायला हरकत नाही. मात्र प्रकार वाचून घ्या. टूर ऑपरेटर, ट्रॅव्हल एजंट आणि टुरिस्ट ट्रान्सपोर्ट ऑपरेटर यांची मान्यता वेगवेगळी असते. गाड्या पुरवणाऱ्याची मान्यता दाखवून हाउसबोट-हॉटेलसकट पॅकेज विकलं जात असेल, तर त्या कागदाचा तुमच्या पॅकेजशी फारसा संबंध नाही. मान्यता मुख्य कार्यालयाला मिळते आणि शाखांची नोंद वेगळी लागते, त्यामुळे तेच नाव लावणारं तुमच्या गल्लीतलं फ्रँचायझी दुकान तिच्यात येतंच असं नाही. `nidhi.tourism.gov.in` या पोर्टलवर नुसतं नाव नोंदवल्याचा क्रमांकही काही जण मान्यता म्हणून पुढे करतात. तसा क्रमांक म्हणजे मान्यता नव्हे.

श्रीनगरच्या नोंदणीचं तसं नाही. जम्मू-काश्मीरमध्ये पर्यटन व्यवसाय नोंदणीचा 1978 चा कायदा आहे. तिथं बसून ट्रॅव्हल एजन्सी चालवायची तर ही नोंदणी लागतेच, आणि गैरव्यवहार केला तर ती हातची जाऊ शकते. तक्रार करायची वेळ आली तर ज्या खात्याच्या हातात एजंटचा परवाना आहे, तिथंच ती केलेली बरी. म्हणून माझं पारडं श्रीनगरकडे झुकतं. अडचण एवढीच की पुण्या-मुंबईचा एजंट या नोंदणीत नसतो. त्याला सरळ विचारावं, ‘तिथं ग्राउंड हँडलर, म्हणजे गाडी-हॉटेलची प्रत्यक्ष व्यवस्था बघणारा, कोण?’ नाव सांगायला टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजावं.

खरा वैताग दोन्हीकडे सारखाच आहे, तो नावांचा. समजा, चार जणांचं पॅकेज एक लाख दहा हजारांचं आहे आणि ॲडव्हान्स चाळीस हजार मागितलाय. इन्स्टाग्रामवर एक नाव, प्रमाणपत्रावर दुसरं आणि पैसे पाठवायच्या खात्यावर तिसरंच. प्रमाणपत्र अगदी खरं असू शकतं, पण दुसऱ्याच कुणाचं.

हा गुंता जीएसटी क्रमांकाने बराच सुटतो. `services.gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये पंधरा अक्षरी क्रमांक टाका. तिथं `Legal Name of Business` आणि `Trade Name` ही दोन्ही नावं दिसतात, नोंदणी चालू आहे की रद्द झालीय तेही कळतं. पहिले दोन अंक राज्याचे: 01 जम्मू-काश्मीर, 27 महाराष्ट्र. म्हणजे ‘आम्ही श्रीनगरचेच’ म्हणणाऱ्याचा क्रमांक 07 ने सुरू झाला तर ती नोंदणी दिल्लीची आहे, कारण विचारा. सहावं अक्षर पी असेल तर धंदा एका व्यक्तीच्या नावावर आहे, मग खातं मालकाच्या नावावर असणं चालतं. सी असेल तर ती कंपनी, आणि कंपनीचे पैसे कुणाच्या बचत खात्यात जायचं कारण नाही. छोट्या एजंटकडे उलाढाल मर्यादेखाली असल्यामुळे जीएसटी नसूही शकतो. मग मालकाचं नाव नोंदणीपत्रावरून घ्यावं लागतं.

पीडीएफवर कुठलाही क्रमांक छापता येतो. म्हणून तो विभागाच्या यादीत शोधावा, नाहीतर कार्यालयात फोन करून विचारावा. फोन नंबर मात्र विभागाच्या साइटवरून घ्यायचा, एजंटने दिलेला किंवा पीडीएफवर छापलेला नको. विचारायच्या गोष्टी तीनच: नोंदणी कुणाच्या नावावर आहे, कुठल्या पत्त्यावर आहे आणि कधीपर्यंत चालू आहे.

शेवटी खात्याकडे या. नेट बँकिंगमध्ये एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी दिसायची सोय रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 पासून बँकांना करायला लावली आहे. त्या नावाची नोंदणीपत्रावरच्या नावाशी गाठ पडली तर चाळीस हजार पाठवायला माझी हरकत नसते. ‘मॅनेजरच्या नंबरवर जीपे करा’ असा निरोप आला, तर फर्मच्या खात्याचा तपशील येईपर्यंत थांबावं, मग ‘शेवटच्या दोनच रूम उरल्यात’ असा मेसेज कितीही वेळा येवो.